सॅक्सोफोन चिरकतो का?
(सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऑल्टो सॅक्सोफोन नव्याने शिकणाऱ्याच्या घरातून चिरका आवाज आला की शेजारी म्हणतात, वाद्य बिघडलंय. बहुतेक वेळा वाद्य ठीक असतं, दोष तोंडाशी असतो.

माउथपीसवर बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पट्टी बसवतात. हीच रीड. फुंकर मारली की तिचं टोक थरथरतं आणि नळीतली हवा त्या थरथरीला लय देते. रीड नळीचं न ऐकता स्वतःच्याच उंच कंपनात गेली, की आवाज चिरकतो.

म्हणून आधी रीड नीट बसवा. सुरुवातीला 2 किंवा 2½ नंबरची घ्यावी. ती तोंडात धरून ओली करा. माउथपीसवर ठेवल्यावर रीडच्या टोकापलीकडे माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसली पाहिजे. रीड तिरकी बसली, तिचं टोक तुटलं किंवा वाळून लहरी पडल्या, तर ती चिरकणारच. लिगेचरचे स्क्रू बेताचेच आवळा.

आता ओठ. वरचे दात माउथपीसवर टेकवा, खालचा ओठ दातांवर थोडासा घ्या आणि ओठांच्या कडा चारी बाजूंनी सारख्या आवळा. माउथपीस तोंडात किती घ्यायचा? रीड आणि माउथपीसच्या मधून टोकाकडून कागद सरकवा. तो जिथे अडेल, साधारण तिथे खालचा ओठ हवा. त्याहून जास्त आत घेतला तर रीडवर ताबा राहत नाही आणि ती चिरकते. फार कमी घेतला तर आवाज कोंदट आणि बारीक येतो. दातांनी चावलं तर रीडची फटच बंद होते.

परीक्षा सोपी आहे. नुसता माउथपीस फुंका. ऑल्टोचा स्वर 880 हर्ट्झच्या ए-च्या आसपास यावा. मोबाईलवरचा ट्यूनर तो दाखवतो. स्वर बराच वर गेला तर तुम्ही चावताय, बराच खाली गेला तर ओठ सैल आहेत.

आपल्या सोसायटीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. त्याचे बी आणि ए स्वर नीट यायचे, जी आला की चिरकायचं. नुसता माउथपीस मात्र स्थिर ए देत होता, म्हणजे रीड आणि ओठ ठीक. मग हात पाहिला. जी-साठी डाव्या हाताची अनामिका ताणताना त्याचा तळवा बाजूच्या पाम-कीला लागायचा. ती की उघडली की वरची हवा निसटते आणि स्वर उडतो. मनगट जरासं बाहेर घेतलं, बोटं गोलाकार ठेवली आणि जी आला!

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी रीड पाहा, मग नुसता माउथपीस, मग हात. तिन्ही ठीक असूनही एकच स्वर अडत असेल, तर गळणाऱ्या पॅडसाठी दुरुस्तीवाल्याकडे जा.