चावी हाताशी हवी

आमच्या वाईच्या बचत गटातल्या एका ताईला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. आजार उसळला की शौचाची अशी घाई लागते, की धरून ठेवणं जमत नाही. आणि ती कामाला जाते तिथं शौचालयाला कुलूप, चावी वॉचमनकडे!

तिनं अर्ज दिला होता, "पोटाच्या त्रासामुळे सवलत मिळावी." मालक म्हणाले, पोट कुणाचं दुखत नाही? मग आम्ही दोघींनी बसून तो नव्यानं लिहिला:

"मा. महोदय, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा दीर्घकाळचा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आजार वाढतो तेव्हा सकाळी तीन-चार वेळा शौचास जावे लागते. त्या दिवसांत मला 9 ऐवजी 10 वाजता येऊ द्यावे, संध्याकाळी मी एक तास जास्त थांबेन. शौचालयाजवळच्या टेबलावर काम द्यावे, एक चावी माझ्याकडे असावी आणि न विचारता उठण्याची मुभा असावी. ही माहिती कृपया आपल्यापुरती ठेवावी."

'संसर्गजन्य नाही' हे मुद्दाम घातलं. तिथं खाण्याच्या वस्तू पॅक होतात. साधे जुलाब समजून तिला घरी बसवलं असतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत या आजाराचं नाव नाही, म्हणून कायद्याचा धाक न घालता काय हवं तेवढंच नेमकं लिहिलं.

चावी दुसऱ्याच दिवशी मिळाली. वेळेचं मात्र अजून "बघू" चाललंय.