तयार मिनिटाचा हिशेब

पांढऱ्या फळ्यावर हात भराभर चित्रं काढतो आणि मागून आवाज समजावून सांगतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. लहान दुकानदार ते करून घेतात आणि पैसे ठरतात तयार व्हिडिओच्या मिनिटावर. तो दर कसा काढायचा आणि तो बुडू नये म्हणून काय करायचं, ते आज सांगते.

समजा, लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका दादांनी काम दिलं. सांगायचं पुष्कळ असतं, पण आपण एकच प्रश्न घ्यायचा: हे तेल महाग का? घाण्यातून त्याच शेंगदाण्यांचं तेल कमी निघतं, बरंचसं पेंडीत राहतं. एवढंच दीड मिनिटात सांगायचं.

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे बोलायचे शब्द, उजवीकडे त्या वेळी दिसणारं चित्र. मोबाईलवर वेळ लावून सावकाश, मोठ्यानं वाचा. दीड मिनिटाच्या वर गेलं, तर वाक्यं आत्ताच कापा. मग कागद दादांना पाठवा आणि ‘हे शब्द पक्के’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय आवाज रेकॉर्ड करू नका. कारण नंतर एक वाक्य वाढलं, की पुढच्या प्रत्येक चित्राची वेळ सरकते. भाव आणि फोन नंबर बदलतात, म्हणून ते शेवटच्या चित्रातच ठेवा.

आवाज ऑडॅसिटीत साफ करता येतो, चित्रं इंकस्केपमध्ये काढता येतात. दोन्ही फुकट आहेत. व्हिडिओस्क्राइबमध्ये ती हातानं काढल्यासारखी दिसतात. मात्र चित्र रेषांचं हवं. नुसता फोटो टाकला, तर हात रेषा न काढता वरून खरडल्यासारखा फिरतो. मराठी जोडाक्षरं तुटलेली दिसली, तर ती अक्षरं इंकस्केपमध्ये लिहून चित्र म्हणून आणा.

आता हिशेब. दहा सेकंदांना एक, अशी नऊ चित्रं. प्रत्येकाला तास धरला तर ९ तास. लिखाण २, आवाज १, दुरुस्ती २. एकूण १४ तास. तासाला १५० रुपये धरले, तर २,१०० होतात. सॉफ्टवेअर आणि विजेचे ३०० मिळवले, की २,४००. दीड मिनिटाला २,४००, म्हणजे तयार मिनिटाला १,६०० रुपये. आकडे तुमचे तुम्ही घाला, रीत हीच.

अर्ध्या मिनिटाचं काम आलं, तर ८०० सांगू नका. बोलणं, लिखाण, पाठवापाठवी तेवढीच राहते. म्हणून कमीत कमी एका मिनिटाचे पैसे घ्या. निम्मे आगाऊ, चित्रांची दुरुस्ती दोनदा फुकट आणि पक्के शब्द बदलले तर वेगळे पैसे, हे पहिल्याच दिवशी लिहून पाठवा.