फटाक्यांच्या दुकानातला साठा

परवानाधारक फटाका दुकानात किती माल ठेवायचा, हे दुकानाच्या आकारावरून ठरत नाही, परवान्यावरच्या आकड्यावरून ठरते. २००८ च्या स्फोटके नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या परवान्यात दोन वेगळ्या मर्यादा असतात. सुतळी बॉम्ब, अनार, भुईचक्र, रॉकेट असा माल १०० किलोपर्यंत ठेवता येतो. लवंगी माळा आणि फुलबाज्या यांना ५०० किलोपर्यंत मुभा असते. म्हणून अशा दुकानात ६०० किलो माल चालतो असे सर्रास म्हटले जाते. त्या बोलण्यात एक घोटाळा आहे. फुलबाजीचा माल कमी आला म्हणून उरलेल्या जागेत बॉम्बची खोकी रचता येत नाहीत. दोन्ही मर्यादा आपापल्या जागी पाळाव्या लागतात.

कोरपन्यासारख्या तालुक्याच्या गावातले तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब दुकान धरू. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर झाले. नियमाला किमान ९ आणि कमाल २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे जागा बसते. अनार आणि बॉम्बचे एक खोके १२ किलोचे असेल, तर आठ खोक्यांचे ९६ किलो होतात आणि नववे खोके मर्यादा ओलांडते. माळांचे खोके २० किलोचे असेल, तर २५ खोक्यांवर थांबावे लागते. वजन धरताना खोक्यावर छापलेला आकडा पूर्ण धरावा. आतल्या कागद-पुठ्ठ्याचे वजन मनाने वजा करत बसले की हिशेब नेहमी दुकानदाराच्या सोयीकडे झुकतो.

बिघाड बहुधा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात होतो. ट्रक एकदाच येतो, माल स्वस्त पडावा म्हणून जास्त मागवलेला असतो, आणि नववे, दहावे खोके मागच्या खोलीत, जिन्याखाली किंवा घरच्या माडीवर जाते. कागदावर दुकान मर्यादेतच राहते, पण धोका राहत्या घरात शिरलेला असतो. त्यावरचा उपाय म्हणजे माल दोन-तीन खेपांत मागवणे आणि आवक-विक्रीची नोंद रोज संध्याकाळी पुरी करणे. नोंदवहीतली शिल्लक आणि मांडणीवरची खोकी जुळत नसतील, तर वाढीव माल कुठे तरी ठेवलेला आहे, हे तपासणाऱ्याला लगेच कळते.

दुकानाची जागाही नियमाने बांधलेली आहे. ते तळमजल्यावर, विटा, दगड किंवा काँक्रीटच्या भिंतींचे हवे. वर कोणी राहत नसावे, आणि जिना किंवा लिफ्ट लगत नसावी. दार बाहेर उघडणारे असावे आणि संकटात निघण्याची दुसरी वाट असावी. आत उघडणारे दार गर्दीच्या रेट्याने बंदच राहते, म्हणून ही बारीक वाटणारी अट महत्त्वाची आहे. दुसऱ्या फटाका दुकानापासून किंवा ज्वलनशील मालाच्या साठ्यापासून १५ मीटर अंतर लागते. साध्या चालीने ही सुमारे वीस पावले होतात.

कोरपना परिसरात या वीस पावलांचा अर्थ वेगळाच होतो. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते आणि भाव चढेल या आशेने कापूस घराच्या ओसरीत, खोलीत, कधी रिकाम्या गाळ्यात छतापर्यंत भरला जातो. त्या कापसावर एक ठिणगी पडली तरी पुरते, आणि आग बराच वेळ वर दिसतही नाही. फटाक्याच्या दुकानाची जागा पाहताना शेजारचा गाळा आज रिकामा आहे एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे ठरते. तो कार्तिकात कशाने भरतो, हे विचारायला हवे.

सणापुरत्या तात्पुरत्या दुकानांना वेगळी अंतरे आहेत. शेड न जळणाऱ्या साहित्याची असावी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर आणि वस्तीच्या इमारतींपासून ५० मीटर अंतर राखावे. शेडची तोंडे समोरासमोर नसावीत, आणि एका समूहात पन्नासहून जास्त दुकाने नकोत. यामागचे कारण २९ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिसले. जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजारात ऐन दिवाळीत आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने खाक झाली. जवळ उभी वाहनेही जळाली. अशा आगीत ज्वाळा रांगेने पुढे सरकतेच, शिवाय पेटलेले रॉकेट आणि अनार स्वतःच समोरच्या दुकानापर्यंत उडत जातात. समोरासमोरची तोंडे टाळण्याचा नियम त्यासाठीच आहे.

धूम्रपानबंदीही १५ मीटरच्या आतच्या साऱ्या जागेला लागू असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातूनच बिडीचे तेंदूपान गोळा होते, त्यामुळे बिडी ओढणारे गिऱ्हाईक दारात येणार, हे गृहीत धरावे. फलक दारावर लावला तर बिडी दारातच विझवली जाते, आणि थोटूक तिथेच पडते. फलक वीस पावले अलीकडे असावा, त्याच्यापाशी वाळूची बादली ठेवावी आणि काडेपेटी तिथेच काढून घ्यावी. मात्र सर्वांत अवघड गोष्ट गिऱ्हाईकाची नसून मालकाची असते. लक्ष्मीपूजनाला दुकानात समई लावायची, उदबत्ती ओवाळायची, ही रीत सोडवत नाही. उघडी ज्योत मात्र उघडी ज्योतच असते. पूजा घरी किंवा दुकानापासून वीस पावले दूर मांडावी. आकाशकंदील, लोंबती माळ, फोनचा चार्जर यांनाही आत जागा नाही. दिवे भिंतीला पक्के बसवलेले, वायर नळीतून नेलेली, आणि मुख्य स्विच बाहेर हाताशी असावा.

झाडलोट हा साठवणीचाच भाग आहे. फाटलेल्या खोक्यातून सांडलेली दारू फळीच्या फटीत आणि दाराच्या चौकटीत साचते. ती रोज मऊ झाडूने, पायाने न घासता गोळा करावी आणि पाण्यात भिजवून ठेवावी. लोखंडी पट्टीने खरवडू नये. टिकल्या आणि घासून पेटणारा माल बाकी मालापासून वेगळ्या खोक्यात ठेवावा. खोकी जमिनीवर थेट न ठेवता फळीवर मांडावीत आणि भिंतीपासून थोडी सोडावीत, कारण ओल भिंतीतून येते.

ओल म्हणजे फटाका फुसका होणे, असा समज आहे. त्याहून वाईट असे की चमक देणारी ॲल्युमिनियमची भुकटी आणि नायट्रेट ओलीत एकमेकांवर क्रिया करतात, उष्णता सुटते आणि कोंडलेल्या खोक्यात ती वाढत जाते. पुठ्ठा फुगलेला वा चिकट दिसला, दारूचे खडे झाले, खोके उघडताच अमोनियाचा उग्र वास नाकात भरला, की तो माल विकण्याचा राहिलेला नाही. तो उन्हात वाळवू नये आणि चुलीजवळ तर मुळीच नेऊ नये. शेष साठा पावसाळाभर दुकानात पडू देण्यापेक्षा दिवाळीनंतर लगेच परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवावा. खराब झालेला माल नष्ट करायचा असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवून त्यांनी सांगितलेल्या रीतीने करावा.