स्वस्त येनचं महागडं कर्ज

5 ऑगस्ट 2024 रोजी सेन्सेक्स 2,200 अंशांनी गडगडला. नांदेड-लातूरच्या एसआयपीवाल्यांनाही झळ बसली, आणि एक मोठं कारण होतं जपानी कर्ज. तेव्हा जपानमध्ये व्याज जवळपास शून्य होतं, अमेरिकेत 5 टक्क्यांवर. म्हणून सटोडिये येन उचलून डॉलर घेत. डॉलरला 160 येन असताना 1.6 कोटी येन काढले, की हाती 1 लाख डॉलर आणि वर्षाला साधारण 5 हजारांचा फायदा. पण दर 144 येनवर आला, की तेच कर्ज फेडायला 1 लाख 11 हजार डॉलर लागतात. दोन वर्षांची कमाई महिन्याभरात खलास!

31 जुलैला बँक ऑफ जपानने दर जेमतेम पाव टक्क्यावर नेला होता. एवढ्याशानं काय होतं, असं कुणी म्हणेल. खरंय, व्याजानं कुणी बुडालं नाही. बुडवलं ते उधारीवर फुगवलेल्या सौद्यांनी. येन जरा वधारला, त्यात अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे कच्चे निघाले, की दलाल जादा मार्जिन मागतो. मग शेअर विकून येन घ्यावे लागतात, त्यानं येन आणखी चढतो आणि पुढच्याची पाळी येते. विनिमय दर आधीच बांधून का घेत नाहीत? कारण त्या कराराचा खर्च नेमका व्याजातला फरकच गिळतो.