किती वजन, किती वेळा?



आमच्या गटातल्या एक ताई रोज शंभर उठाबशा काढतात. तरीही पशुखाद्याची 25 किलोची गोणी उचलायला त्यांना मुलाला हाक मारावी लागते. त्या म्हणाल्या, "एवढा व्यायाम करते, मग ताकद का येत नाही?"

कारण शंभर वेळा जमतं ते वजन स्नायूला हलकं असतं. हलक्या कामाला स्नायूतले थोडेच तंतू लागतात. त्यातून दम टिकतो, म्हणजे दिवसभर खुरपणी करता येते. गोणी मात्र एकाच दमात उचलायची असते. त्या वेळी सगळे तंतू एकदम कामाला लागावे लागतात. ही सवय जड वजनानेच लागते.

म्हणून आम्ही पिशवीत धान्य भरून काट्यावर मोजलं. पिशवी छातीशी धरून बाकावर बसायचं आणि उठायचं. ताईंना 5 किलो घेऊन तीस वेळा जमलं, 12 किलोला बारा वेळा आणि 18 किलोला कसंबसं सहा वेळा. तीन कामांसाठी तीन वजनं मिळाली.

दम वाढवायचा तर पंधरा-वीस वेळा किंवा जास्त जमेल असं हलकं वजन घ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये थोडीच विश्रांती घ्या. स्नायू भरायचे तर आठ ते बारा वेळा जमेल असं मध्यम वजन सोयीचं. हलक्या वजनानेही स्नायू भरतात, पण थकेपर्यंत करावं लागतं. ताकद हवी तर तीन ते सहा वेळाच जमेल असं जड वजन घ्या. फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं बसा, नाहीतर पुढच्या फेरीत तेवढं वजन उचलत नाही.

ताईंनी लगेच जड पिशवी घेतली नाही. पहिला महिना 10 किलो, दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. सांधे आणि पाठ तयार झाल्यावर 16 किलो, पाच वेळा. पाचाच्या जागी सात वेळा सहज जमू लागलं, की एक किलो वाढवायचं आणि पुन्हा पाचावर यायचं.

वजन योग्य आहे हे कसं ओळखायचं? शेवटच्या वेळेला उठणं संथ होतं, पण अजून एकदा जमेल असं वाटतं. पाठ वाकली, झटका द्यावा लागला, किंवा श्वास कोंडला, तर वजन जास्त झालं. उठताना श्वास सोडा.

रक्तदाब असेल, गरोदर असाल, हर्निया असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर जड वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शंभर उठाबशा वाया गेल्या नाहीत, ताई. त्यांनी दम दिला. गोणीसाठी मात्र थोड्याच वेळा, पण जड उचलावं लागेल.