व्हिडिओ करायचा की नाही? आम्ही तास मोजले

गेले दोन महिने तुम्ही मेसेजमध्ये एकच विचारताय, "सगळे भाग कॅमेऱ्यावर का नाही करत?" आज त्याचं उत्तर देतो, आकड्यांसकट.

झालं असं. आम्ही चार भाग दोन कॅमेरे लावून शूट केले. युट्यूबवर पहिल्या ३० दिवसांत एका भागाला सरासरी ३००० व्ह्यूज आले आणि ऑडिओचे डाउनलोड होते १२००. माझी को-होस्ट म्हणाली, "बघ, सत्तर टक्के लोक व्हिडिओवर आहेत. कॅमेरे घेऊन टाकू." भाड्याचे कॅमेरे परत द्यायचे होते आणि नवे घ्यायचे तर आमची वर्षभराची बचत जाणार होती. म्हणून मी म्हटलं, थांब, आधी नीट मोजू.

गोची इथे आहे की डाउनलोड आणि व्ह्यू ही दोन वेगळी मापं आहेत. आयएबीच्या नियमानुसार किमान एक मिनिटाचा ऑडिओ फोनवर उतरला की एक डाउनलोड धरतात. तो कुणी ऐकला का, हे त्यात कळत नाही. फॉलो केलेल्या शोचा भाग ॲप आपोआप उतरवून ठेवतं आणि तो तसाच पडून राहू शकतो. व्ह्यूचं उलटं आहे. माणूस येतो, थोडं बघतो, पुढे सरकतो, तरी व्ह्यू मोजला जातो. म्हणून दोन्ही आकडे आधी तासांत बदलायचे.

आमचा भाग ४० मिनिटांचा. ॲपल आणि स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवर दिसत होतं की श्रोते सरासरी ६० टक्के, म्हणजे २४ मिनिटं ऐकतात. न ऐकता पडून राहिलेल्यांसाठी मी अंदाजाने चौथा हिस्सा वजा केला. राहिले ९०० डाउनलोड. ९०० गुणिले २४ मिनिटं, म्हणजे ३६० तास. आता युट्यूब स्टुडिओत Average view duration बघा. आमचा होता ४ मिनिटं. ३००० गुणिले ४, म्हणजे २०० तास. एकूण ५६० तासांत व्हिडिओचा वाटा ३६ टक्के. सत्तर कुठे आणि छत्तीस कुठे! माझा अंदाज चुकला आणि निम्मे डाउनलोड वजा केले, तरी वाटा ४५ टक्क्यांच्या आसपासच येतो.

पण छत्तीस टक्केही कमी नाहीत, बरोबर? म्हणून पुढचा प्रश्न: हे लोक आमचे चेहरे बघत होते का? की फोन टेबलावर ठेवून नुसतं ऐकत होते? ते कळायला आम्ही पुढचे चार भाग युट्यूबवर फक्त कव्हरचं चित्र लावून टाकले. व्ह्यूज घसरून २१०० वर आले. पण सरासरी वेळ वाढून ५ मिनिटं २० सेकंद झाला. तास किती? जवळपास १८७. म्हणजे कॅमेऱ्यामुळे दर भागाला मिळाले फक्त १३ तास जास्त. आणि त्यासाठी दोन अँगल जुळवणं, रंग सारखे करणं, थंबनेल, यात माझे जास्तीचे ९ तास जात होते! ऑडिओचे डाउनलोड दोन्ही वेळा जवळपास सारखेच राहिले. म्हणजे व्हिडिओ बघून कुणी ऑडिओकडे वळलं, असंही दिसलं नाही.

मग कॅमेरा बादच? नाही. भाड्याची मुदत संपण्याआधी एक भाग मोडी लिपीवर केला होता. पाहुण्यांनी कागदावर अक्षरं काढून दाखवली. त्या भागाचा सरासरी वेळ ११ मिनिटं आला. स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख एरवी उतरत जातो, पण इथे पाहुणे लिहायला लागले तिथे तो वर चढला. लोक मागे जाऊन तेवढा तुकडा पुन्हा बघत होते. खरं बघणं म्हणतात ते हे.

म्हणून आमचं ठरलं. ज्या भागात बघण्यासारखं काही आहे, त्यालाच कॅमेरा, तोही भाड्याने. बाकी भाग युट्यूबवर कव्हरच्या चित्रासह येतील.

तुम्ही हे करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. शॉर्ट्सचे व्ह्यूज बाजूला काढा, नाहीतर सरासरी कोसळते. आणि स्पॉटिफायवर व्हिडिओ टाकला, की सहसा तिथे आरएसएसच्या ऑडिओऐवजी तोच चालतो आणि ते ऐकणं तुमच्या होस्टच्या डाउनलोडमध्ये येत नाही. श्रोते तेवढेच असतात, पण आकडा पडलेला दिसतो. म्हणून प्रयोगाच्या काळात तिथे व्हिडिओ टाकू नका.

चार-चार भाग म्हणजे नमुना लहानच, विषयही वेगवेगळे होते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, आणि आकडे बदलले तर आम्हीही बदलू. तोवर फोन खिशात ठेवा, इअरफोन लावा. भेटू पुढच्या भागात!