निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला व ठेव



जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. परंतु 'ज्येष्ठ नागरिक' हे नाव त्यास साठाव्या वर्षी मिळते. मधल्या दोन वर्षांत त्याच्या हाती आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम येते आणि त्याच काळात अजाणतेपणाने नुकसान होण्याचा संभवही अधिक असतो. हा विषय एका कल्पित गुरुजींच्या हिशेबाने समजून घेणे सोयीचे होईल. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक होऊन ज्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे, अशा शिक्षकांसाठी हे विवेचन आहे.

समजा, हे गुरुजी ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाले. त्यांचे शेवटचे मूळ वेतन ६४,००० रुपये होते. म्हणून मूळ निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३२,००० रुपये ठरले. त्यांपैकी शेकडा चाळीस भागाचे, म्हणजे १२,८०० रुपयांचे, त्यांनी अंशराशीकरण केले व त्याबद्दल एकरकमी पैसे घेतले. त्या वेळी महागाईवाढ शेकडा पन्नास होती. ही वाढ उरलेल्या १९,२०० रुपयांवर मिळते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. ती पूर्ण ३२,००० रुपयांवर मिळते. म्हणून ३२,००० आणि १६,००० मिळून ४८,००० होतात. त्यातून १२,८०० वजा जाता ३५,२०० रुपये गुरुजींच्या खात्यावर जमा व्हावयास हवेत. बँकेच्या पुस्तकात फक्त हा शेवटचा आकडा दिसतो. यास्तव प्रत्येकाने आपल्या निवृत्तिवेतन प्रदान आदेशावरून हा हिशेब एकदा वहीत मांडून ठेवावा. जमा रक्कम कमी आली, तर कोणत्या बाबीत चूक झाली हे त्या वहीवरून लगेच कळते. अंशराशीकृत भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ती तारीखही तेथेच लिहावी.

गुरुजींना उपदान व अंशराशीकरणाचे पैसे १० सप्टेंबर २०२४ रोजी मिळाले. त्यांपैकी १२ लाख रुपये ठेवीत गुंतवावे, असे त्यांनी ठरविले. ते बँकेत गेले, तेव्हा ज्येष्ठांस मिळणारा वाढीव दर त्यांना लागू नाही, असे सांगण्यात आले. ते खरेच होते. बहुतेक बँका ज्येष्ठांस शेकडा अर्धा अधिक देतात. पण तो साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसच. बारा लाखांवर हा फरक वर्षाला ६,००० रुपयांचा होतो. शिवाय अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच वर्षांची ठेव ठेवली, तर पुढे साठ वर्षे पूर्ण झाल्याने त्या ठेवीचा दर आपोआप वाढत नाही. बँकेतच ठेवावयाचे असेल, तर साठावे वर्ष पूर्ण होईपर्यंतच्या मुदतीचीच ठेव करणे शहाणपणाचे.

परंतु गुरुजींना दुसरी वाट होती. डाकघरात व ठराविक बँकांत 'ज्येष्ठ नागरिक बचत योजना' आहे. तीत साठ वर्षांची अट असली, तरी पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यास खाते उघडता येते. अट एवढीच की, निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत रक्कम भरावी आणि ती त्या लाभांपेक्षा अधिक नसावी. नोव्हेंबर २०२३ पूर्वी ही मुदत केवळ एक महिना होती. यासाठी लाभाची रक्कम व तारीख दर्शविणारे कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून पैसे जमा होताच मागावे. एका व्यक्तीची मर्यादा ३० लाखांची आहे.

गुरुजींनी २१ ऑक्टोबर २०२४ रोजी १२ लाख भरले. त्या वेळी दर शेकडा ८.२ होता. सरकार हा दर दर तिमाहीस जाहीर करते. पण खाते उघडतेवेळचा दर पाचही वर्षे कायम राहतो. त्यांचे वर्षाचे व्याज ९८,४०० व तिमाहीचे २४,६०० रुपये झाले. हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर व जानेवारीच्या आरंभी मिळते. ते न काढल्यास त्यावर व्याज चढत नाही. म्हणून बचत खात्यात वळते करून घ्यावे. पहिल्या वर्षात खाते बंद केले, तर दिलेले व्याज परत वसूल होते. दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या शेकडा दीड व त्यानंतर शेकडा एक कापले जाते. यास्तव घरखर्चाची व आजारपणाची रक्कम या खात्यात अडकवू नये. हे व्याज करपात्र आहे, हेही विसरू नये.

आता हयातीच्या दाखल्याचा प्रसंग. हा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने सांगितलेल्या ठिकाणी समक्ष सही करून तो देता येतो. किंवा २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' व्यवस्थेने आधार क्रमांक व बोटांचे ठसे देऊन काढता येतो. मात्र आपले कार्यालय त्या व्यवस्थेच्या यादीत आहे की नाही, हे आधी विचारावे. बोटांचे ठसे उमटत नसतील, तर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ पासून झाली आहे.

गुरुजींनी सेवा केंद्रात ठसे दिले. भ्रमणध्वनीवर दाखल्याचा क्रमांक आला आणि ते निश्चिंत झाले. जानेवारीच्या आरंभी डिसेंबरचे निवृत्तिवेतन जमा झालेच नाही. चौकशीअंती कळले की, केंद्रात प्रदान आदेशाच्या क्रमांकातील एक अंक चुकला होता व कार्यालयाने तो दाखला नाकारला होता. यातील मर्म ध्यानात घ्यावे: क्रमांक मिळाला म्हणजे दाखला तयार झाला, तो स्वीकारला गेला, असे नव्हे. त्या क्रमांकावरून 'जीवन प्रमाण'च्या संकेतस्थळावर स्थिती पाहता येते. ती नोव्हेंबर संपण्यापूर्वी पाहिली असती, तर चूक त्याच महिन्यात दुरुस्त झाली असती.

गुरुजींनी प्रदान आदेशाची मूळ प्रत समोर ठेवून नवा दाखला दिला. फेब्रुवारीच्या आरंभी डिसेंबर व जानेवारीचे मिळून ७०,४०० रुपये जमा झाले. दाखल्याअभावी निवृत्तिवेतन थांबते, बुडत नाही. मधला महिना निभावला तो १ जानेवारीच्या व्याजावर: २१ ऑक्टोबरपासूनच्या बहात्तर दिवसांचे सुमारे १९,४०० रुपये नेमके तेव्हाच खात्यावर आले होते.

गुरुजींच्या वहीच्या पहिल्या पानावर आता तीन नोंदी आहेत: दरमहा जमा व्हावयाची रक्कम, व्याजाच्या चार तारखा, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दाखल्याची स्थिती पाहण्याची आठवण. ते पान त्यांच्या पत्नीसही वाचता येईल अशा ठिकाणी कपाटात ठेवलेले आहे.